रेणू तोच, ठिकाण वेगळं
(प्रस्तावना)

नांदेडच्या किंवा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात डोपामिन आणि ऑक्सिटोसिन ही नावं नवी नाहीत. तिथे ही औषधं आहेत. रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत उतरला, तर अतिदक्षता विभागात डोपामिन सलाईनमधून थेंबाथेंबाने देता येतं. प्रसूतिकक्षात कळा वाढाव्यात म्हणून ऑक्सिटोसिनचं सलाईन लावतात आणि बाळ बाहेर आलं की रक्तस्राव आवरावा म्हणून त्याचंच दहा युनिटचं इंजेक्शन देतात. डोपामिनने रुग्णाचा रक्तदाब चढतो, ऑक्सिटोसिनने गर्भाशय आकसतं. पण डोपामिन चालू आहे म्हणून कोणी शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या प्रेमात पडत नाही आणि ऑक्सिटोसिन मिळालं म्हणून बाळंतिणीचा डॉक्टरवर जीव जडत नाही.

मोबाइलवर मात्र हीच दोन नावं 'प्रेमाची रसायनं' म्हणून फिरत असतात. ती नजरानजर झाली की सुटतात, मिठी मारली की वाढतात, ब्रेकअप झालं की संपतात, असं सांगितलं जातं. रुग्णालयातला अनुभव आणि मोबाइलवरचा दावा यांच्यातलं अंतर समजून घेणं हे या पुस्तकाचं काम आहे. त्याची किल्ली एका साध्या वस्तुस्थितीत आहे. रक्तातले बहुतेक पदार्थ मेंदूत सहज शिरू शकत नाहीत. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट असतात की शिरेतून दिलेलं डोपामिन त्या ओलांडत नाही आणि ऑक्सिटोसिन ओलांडलंच तर अगदी नाममात्र. रेणू तोच असतो, पण तो कुठे सुटला, तिथे त्याला पकडणारे ग्राही आहेत का आणि आधी काय घडलेलं आहे, यावर त्याचं काम ठरतं. 'प्रेमाचा रेणू' असा वेगळा रेणू नाही.

ऑक्सिटोसिनचं काम मराठवाड्यातल्या शेतकऱ्याने प्रयोगशाळेत न जाता पाहिलेलं आहे. देवणी किंवा लाल कंधारी गाय वासरू सोडल्याशिवाय सहसा पान्हा सोडत नाही. वासराने कासेला ढुसण्या दिल्या की सडांपासून निघालेला संदेश मज्जारज्जूतून मेंदूच्या तळाशी पोचतो. तिथल्या चेतापेशी पीयूषिका ग्रंथीच्या मागच्या भागातून ऑक्सिटोसिन रक्तात सोडतात. ते कासेत पोचलं की दुधाच्या पिशव्यांभोवतीच्या बारीक स्नायुपेशी आवळतात आणि सुमारे मिनिटाभरात दूध उतरतं. याच गाईला सवय लागली, की पेंडीची पाटी दिसली किंवा बादली वाजली तरी पान्हा फुटतो. म्हणजे स्पर्शाच्या आधी केवळ अपेक्षेनेही हे संप्रेरक सुटू शकतं. उलट अनोळखी माणूस धारेला बसला, कुत्रं अंगावर आलं, तर गाय पान्हा चोरते. भीतीमुळे मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटणं थांबतं आणि ॲड्रिनलिन कासेतल्या रक्तवाहिन्या आकसून उरलंसुरलं ऑक्सिटोसिन स्नायुपेशींपर्यंत पोचू देत नाही. एका रेणूचं वागणं असं शिकण्यावर, सुरक्षिततेवर आणि प्रसंगावर अवलंबून असतं.

काही गोठ्यांत वासराला बाजूला सारून म्हशीला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन टोचण्याचा बेकायदा प्रकार चालतो. तो रोखण्यासाठी केंद्र सरकारने 2018 मध्ये खासगी कंपन्यांना देशातल्या वापरासाठी हे औषध बनवायला मनाई केली. त्याने बाळंतिणींनाच औषध कमी पडेल, अशी चिंता व्यक्त झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने ती मनाई रद्द ठरवली. आपल्या विषयासाठी यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की इंजेक्शनने दूध उतरतं, माया उतरत नाही. 1987 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी मेंढ्यांवर केलेला प्रयोग याची दुसरी बाजू दाखवतो. गाभण नसलेल्या, पण आधी इस्ट्रोजेन दिलेल्या मेंढ्यांच्या मेंदूतल्या द्रवात त्यांनी थेट ऑक्सिटोसिन सोडलं. थोड्याच वेळात त्या परक्या कोकरांना चाटू लागल्या, जवळ घेऊ लागल्या. कासेत जो रेणू केवळ स्नायू आवळतो, तोच मेंदूत, योग्य पूर्वतयारी असताना, ओढ निर्माण करण्यात भाग घेतो.

प्रेमाच्या सुरुवातीच्या अवस्थेचं निरीक्षण आपल्या भागात फार जुनं आहे. पैठणच्या सातवाहनांशी नाव जोडलेल्या 'गाथासप्तशती'त प्रेमातली वाट पाहणं, झोप उडणं, लोकांपासून लपवणं हे सारं महाराष्ट्री प्राकृतात नोंदलेलं आहे. शरीराविषयी शास्त्राच्या भाषेत मोकळेपणाने बोलण्याची मराठी वाटही र. धों. कर्वे यांनी 1927 ते 1953 या काळात 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून पाडून दिली. प्रेमाच्या जीवशास्त्राचा अभ्यास मात्र गेल्या चार-पाच दशकांतलाच आहे आणि त्यात साधारण चार वाटा दिसतात.

पहिली वाट विचारण्याची. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोरोथी टेनॉव्ह यांनी शेकडो लोकांचे अनुभव गोळा करून 1979 मध्ये प्रेमाच्या सुरुवातीच्या अवस्थेचं वर्णन मांडलं. मनात सतत एकाच व्यक्तीचे विचार, तिच्या बारीकशा प्रतिसादावर सगळा दिवस अवलंबून असणं आणि अनिश्चितता असेल तितकी ओढ वाढणं, ही त्याची लक्षणं. दुसरी वाट प्राण्यांवरच्या प्रयोगांची, तिसरी रक्त तपासण्याची आणि चौथी मेंदूच्या प्रतिमा घेण्याची. चारही वाटांनी काही ना काही हाती आलं. पण एका वाटेवरचा निष्कर्ष दुसऱ्या वाटेवर पुरावा म्हणून वापरला, की अतिशयोक्ती सुरू होते.

आधी डोपामिन पाहू. ते मुख्यतः मेंदूतल्या चेतापेशींचं निरोप देण्याचं द्रव्य आहे. ते संप्रेरक म्हणूनही काम करतं, पण प्रेमाशी संबंध नसलेल्या जागी: मेंदूच्या तळाकडून पीयूषिकेत उतरून ते प्रोलॅक्टिनला, म्हणजे दूध तयार करवणाऱ्या संप्रेरकाला, रोखून धरतं. म्हणूनच दूध थांबवायचं असेल तेव्हा बाळंतिणीला डोपामिनची नक्कल करणारी कॅबर्गोलिनची गोळी देतात. मध्यमेंदूच्या एका पट्ट्यातल्या डोपामिन पेशी मेल्या तर कंपवात होतो, हालचाल जड होते. आणि त्याच पट्ट्याला लागून असलेल्या दुसऱ्या गटातल्या पेशी आपल्याला एखाद्या गोष्टीच्या मागे धावायला लावतात. प्रेमाच्या चर्चेत जे डोपामिन येतं ते या शेवटच्या गटाचं.

हा गट 'आनंद' देतो असं म्हटलं जातं, ते अर्धवट आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या या पेशींची नोंद घेतली तेव्हा दिसलं, की अनपेक्षित रस मिळाला की पेशी जोरात उसळतात. दिवा लागला की रस मिळणार हे माकड शिकलं, की उसळी दिव्यावर सरकते आणि रस मिळताना पेशी शांत असतात. दिवा लागून रस आलाच नाही, तर नेमक्या त्या क्षणी त्या नेहमीपेक्षाही खाली जातात. थोडक्यात, हे अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांच्यातल्या फरकाचं गणित आहे. केंट बेरिज यांनी त्यात आणखी एक भेद दाखवला. डोपामिन जवळजवळ संपवलेले उंदीर अन्नाकडे जायचे थांबतात, पण तोंडात गोड घातलं तर त्यांच्या चेहऱ्यावरच्या आवडीच्या खुणा कायम असतात. हवंसं वाटणं आणि आवडणं या मेंदूत दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि डोपामिन मुख्यतः पहिलीचं आहे.

लातूरच्या ट्यूशन एरियात नीटच्या तयारीसाठी खोली घेऊन राहणाऱ्या एका मुलाची कल्पना करा. त्याने वर्गातल्या एका मुलीला रात्री मेसेज पाठवला. पाठवताक्षणी छाती धडधडली, तळहात ओले झाले. हे चेतातंतूंचं आणि अधिवृक्क ग्रंथीतून सेकंदांत सुटणाऱ्या ॲड्रिनलिनचं काम. त्यात 'प्रेमाचं' खास असं काही नाही, निकालाच्या दिवशीही हेच होतं. ताण टिकला तर त्याच ग्रंथीच्या बाहेरच्या थरातून कॉर्टिसोल वाढतं, त्याला शिखर गाठायला वीस-तीस मिनिटं लागतात. तेवढ्यात उत्तर आलं, अपेक्षेपेक्षा चांगलं. डोपामिनच्या पेशी उसळण्याचा हा प्रसंग. चार दिवसांत ही उसळी उत्तरावरून फोनच्या आवाजावर सरकते. आता कोणाचाही मेसेज आला तरी हात फोनकडे जातो. एखाद्या रात्री नेहमीच्या वेळी उत्तर येत नाही, तेव्हा जाणवणारी घसरण त्या खाली गेलेल्या पेशींशी जुळते. उत्तर कधी येतं, कधी येत नाही, म्हणून गणित कधी स्थिरावत नाही आणि ओढ वाढत राहते. टेनॉव्ह यांना मुलाखतींत जे दिसलं, त्याचं हे संभाव्य यंत्र. 'संभाव्य' म्हणायचं, कारण त्या मुलाच्या मेंदूतलं डोपामिन कोणी मोजलेलं नाही. माकडांवरून आणि उंदरांवरून काढलेला हा अंदाज आहे, भरवशाचा असला तरी अंदाजच.

मग माणसांत काय मोजलं गेलं? आर्थर ॲरन, हेलन फिशर आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये नुकत्याच प्रेमात पडलेल्या 17 जणांना एमआरआय यंत्रात प्रिय व्यक्तीचा आणि एका साध्या परिचिताचा फोटो दाखवला. प्रिय व्यक्तीच्या फोटोला मध्यमेंदूतला हा डोपामिनचा भाग अधिक क्रियाशील झाला. हा निकाल महत्त्वाचा आहे, पण एमआरआय डोपामिन मोजत नाही. ते त्या भागातल्या रक्तातल्या प्राणवायूतला बदल मोजतं. 2015 मध्ये जपानी संशोधकांनी दहा जणांवर पेट स्कॅनने थेट डोपामिनचा माग काढला, तेव्हा फरक दिसला तो कपाळामागच्या मेंदूच्या खालच्या भागात. दोन्ही अभ्यास छोटे आहेत आणि दोघांचं बोट नेमक्या एकाच जागेकडे नाही. इतकं म्हणता येतं, की सुरुवातीच्या प्रेमात पाठलागाची यंत्रणा जागी असते. फिशर यांच्याच गटाने 2010 मध्ये नुकताच नकार मिळालेल्या 15 जणांना तपासलं, तर त्यांच्यातही हाच भाग जागा होता. हवंसं वाटणं आणि आवडणं वेगळं, या भेदाचा अर्थ इथे कळतो. नातं संपलं हे पटलं, त्या व्यक्तीचा रागही आला, तरी ओढ काही काळ चालूच राहू शकते. ज्याला हे माहीत आहे, तो ती ओढ म्हणजे परत जाण्याचा कौल असं समजणार नाही.

ऑक्सिटोसिनची कीर्ती मुख्यतः प्रेअरी व्होल नावाच्या उंदरासारख्या छोट्या प्राण्यामुळे झाली. हे प्राणी जोडी करून राहतात. 1990 च्या दशकात सू कार्टर, टॉम इन्सेल आणि इतरांनी दाखवलं, की मादीच्या मेंदूत ऑक्सिटोसिन सोडलं तर समागमाशिवायही ती सोबतच्या नराला पसंती देते आणि ग्राही अडवले तर समागम होऊनही पसंती बसत नाही. जोडी न करणाऱ्या जवळच्या जातीत मेंदूच्या एका विशिष्ट भागात हे ग्राही विरळ असतात. त्या भागात डोपामिनही लागतंच. दोन्ही रेणू एकत्र काम करतात, ही त्या संशोधनातली मोठी शिकवण. मग 2023 मध्ये धक्का बसला. जनुक-कात्रीने ऑक्सिटोसिनचा ग्राहीच काढून टाकलेले व्होल कॅलिफोर्नियात वाढवले गेले, तर त्यांनीही जोड्या बांधल्या. जन्मापासून ग्राही नसल्याने मेंदूने दुसरी वाट शोधली असेल, असं म्हणता येतं. पण या रेणूवाचून जोडी बसतच नाही, हे विधान आता कोणी करू शकत नाही.

माणसांतला पुरावा त्याहून पातळ आहे. इस्रायलमधल्या रूथ फेल्डमन यांच्या गटाने 2012 मध्ये प्रेमाला साधारण तीन महिने झालेली 60 जोडपी तपासली. त्यांच्या रक्तात एकट्या माणसांपेक्षा ऑक्सिटोसिन बरंच जास्त आढळलं. पण प्रेमात पडण्याआधी या माणसांची पातळी किती होती, हे त्यावरून कळत नाही. कदाचित ज्यांचं मुळातच जास्त असतं ते लवकर जोडी बांधत असतील. शिवाय मोजण्याचीच अडचण आहे. रक्तातले इतर पदार्थ आधी वेगळे न करता चाचणी केली, तर आकडे वेगळे करून केलेल्या चाचणीपेक्षा अनेक पटींनी जास्त येतात आणि दोन पद्धतींचे निकाल एकमेकांशी जुळतही नाहीत. नाकात ऑक्सिटोसिनचा फवारा मारला की अनोळखी माणसावरचा विश्वास वाढतो, हा 2005 चा गाजलेला निकाल 2020 मधल्या काटेकोर पुनरावृत्तीत आला नाही. फवाऱ्याच्या प्रयोगांत साधारण 24 युनिट देतात, बाळंतिणीच्या इंजेक्शनच्या दुपटीहून जास्त. त्यातलं मेंदूत किती पोचतं, हा वाद अजून मिटलेला नाही.

रक्ताच्या वाटेवरची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट सेरोटोनिनची. 'प्रेम म्हणजे एक प्रकारचा मंत्रचळ' हा दावा इटलीतल्या पिसा इथल्या डोनाटेला मराझिटी यांच्या 1999 च्या अभ्यासापर्यंत जातो. गेल्या सहा महिन्यांत प्रेमात पडलेले 20, मंत्रचळाचे 20 आणि सामान्य 20, असे साठ लोक त्यात होते. पहिल्या दोन्ही गटांत सेरोटोनिन आत ओढून घेणारी प्रथिनं कमी आढळली. पण ती मोजली होती रक्तातल्या बिंबिकांवर, मेंदूत नव्हे. 2012 मध्ये नेदरलँड्समधल्या अभ्यासात प्रेमात पडलेल्या पुरुषांच्या रक्तात सेरोटोनिन कमी, तर स्त्रियांत जास्त निघालं. कॉर्टिसोलचंही तसंच. 2004 मध्ये पिसाच्या गटाला ते प्रेमिकांत वाढलेलं दिसलं, 2015 मध्ये फेल्डमन यांच्या गटाला दिवसभराचं कॉर्टिसोल कमी झालेलं दिसलं. सगळ्यांनी प्रामाणिकपणे मोजलं. माणसं थोडी, वेळा वेगळ्या, पद्धती वेगळ्या, म्हणून उत्तरं वेगळी. 2004 च्याच अभ्यासात पुरुषांत टेस्टोस्टेरॉन किंचित कमी आणि स्त्रियांत किंचित जास्त आढळलं होतं आणि वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा तपासलेल्यांत हा फरक उरला नव्हता. त्यावरून 'प्रेमाची मुदत दोन वर्षं' असा नियम काढला जातो, पण 2012 मध्ये सरासरी एकवीस वर्षं संसार झालेल्या 17 जणांच्या मेंदूत जोडीदाराचा फोटो पाहताना तोच पाठलागाचा भाग जागा झालेला दिसला. मुदत रेणूंत कोरलेली नाही.

हे पुस्तक आत्ता आणि इथे हवं, याचं कारण आपली मुलं आहेत. मराठवाड्याच्या गावागावांतून सतरा-अठराची मुलं-मुली लातूर-नांदेडला येतात. जीवशास्त्राच्या पुस्तकात ऑक्सिटोसिन म्हणजे गर्भाशयाचं आकुंचन आणि दूध उतरणं, एवढंच पाठ करतात आणि रात्री मोबाइलवर त्याच नावाचा दुसराच अर्थ ऐकतात. दोन्हींमधला दुवा त्यांना कोणी सांगत नाही. मग 'माझं डोपामिन बिघडलंय' असं म्हणत कोणी स्वतःला रोगी समजतं. कोणी समोरच्याच्या नकाराला 'तिच्या हार्मोन्सचा दोष' मानतो. पालक विचारतात, की हे खरं प्रेम आहे की वयाचा परिणाम, याची रक्ततपासणी होते का. अशी तपासणी नाही. रक्तातलं ऑक्सिटोसिन काही मिनिटांत निम्मं होतं, मेंदूतल्या डोपामिनचा रक्तातल्या आकड्यावरून पत्ता लागत नाही आणि सगळं अचूक मोजता आलं तरी त्यातून समोरचं माणूस कसं आहे, हे कळणार नाही.

म्हणून या पुस्तकात प्रत्येक दाव्याला चार प्रश्न विचारले आहेत. मोजलं कुठे, रक्तात की मेंदूत? कोणावर, माणसांवर की प्राण्यांवर आणि किती जणांवर? प्रेमाच्या आधीची नोंद आहे का, की फक्त नंतरची? आणि दुसऱ्या कोणाला पुन्हा तसंच आढळलं का? चारही प्रश्नांना धड उत्तर असलेले दावे थोडे निघाले. जे टिकले ते ठामपणे मांडले आहेत, जे टिकले नाहीत त्यांची कारणं दिली आहेत. संज्ञांचं ओझं टाळलं आहे, पण शास्त्र सोपं करताना खोटं होऊ दिलेलं नाही.

वाचकाने यातून एक विवेक घ्यावा. ओढ किती तीव्र आहे, झोप किती उडाली, याचं स्पष्टीकरण रेणू बऱ्याच अंशी देऊ शकतात. ती व्यक्ती आपला मान ठेवते का, नकार ऐकून घेते का, आपण तिचा नकार ऐकतो का, हे फक्त वागण्यातून आणि वेळ गेल्यावर कळतं. छाती धडधडणं हा पुरावा धरून कोणी घर सोडू नये, शिक्षण सोडू नये आणि धडधड थांबली म्हणून प्रेम संपलं असंही मानू नये. शरीर काय करतंय हे समजलं, की निर्णय कशाच्या आधारे घ्यायचा, हा प्रश्न स्वच्छ दिसतो. तो प्रश्न ज्याचा त्याने सोडवायचा आहे. त्याच्या वाटेतल्या खोट्या उत्तरांची गर्दी कमी करण्यासाठी हे पुस्तक लिहिलं आहे.